रँडम सर्किट सॅम्पलिंगचे दावे वाचताना या चुका टाळा

ऑक्टोबर 2019 मध्ये गुगलच्या गटाने ‘नेचर’मध्ये जाहीर केलं की त्यांच्या सिकॅमोर या 53 क्युबिटच्या, म्हणजे 53 क्वांटम बिटच्या, चिपने 200 सेकंदांत जे केलं, त्याला समिट या महासंगणकाला 10,000 वर्षं लागतील. वादाला तिथून तोंड फुटलं. पण वादात पडणाऱ्या बऱ्याच जणांची गाडी पहिल्याच आकड्यावर घसरते. तो आकडा म्हणजे 0.002.

रँडम सर्किट सॅम्पलिंग हे ते काम सांगायला सोपं आहे. गेट, म्हणजे क्युबिटवरच्या छोट्या क्रिया, यादृच्छिकपणे निवडून 20 थरांचं सर्किट बनवायचं, ते चिपवर चालवायचं आणि शेवटी 53 शून्य-एकांची एक ओळ वाचायची. हेच लाखो वेळा करायचं. सर्किट आदर्शपणे चाललं तर काही ओळी जास्त वेळा येतात, काही कमी. मिळालेल्या ओळी त्या ‘जास्त येणाऱ्या’ बाजूला किती झुकतात, ते क्रॉस-एन्ट्रॉपी या मापाने मोजतात:

```
F = 2^n · ⟨p(x)⟩ − 1
```

`n` म्हणजे क्युबिटची संख्या, `p(x)` ही त्या ओळीची आदर्श सर्किटमधली संभाव्यता आणि कोन कंस म्हणजे सरासरी. चिप निव्वळ नाणेफेक करत असेल तर F शून्य येतो, बिनचूक असेल तर साधारण 1. सिकॅमोरचा F सुमारे 0.002 होता.

पहिली चूक: ‘0.002 म्हणजे 99.8 टक्के कचरा, मग सिद्ध काय झालं?’ कचरा खराच, पण किती असावा हे आधीच सांगता येत होतं. सर्किटमध्ये दोन क्युबिटची 430 गेट होती, प्रत्येकात सुमारे 0.62 टक्के चूक. एका क्युबिटची 1,113 गेट, 0.16 टक्के चूक. शिवाय प्रत्येक क्युबिट वाचताना 3.8 टक्के. एकही चूक न होण्याची शक्यता काढा: 0.07 × 0.17 × 0.13, म्हणजे जवळपास 0.0015. मोजलेलं मूल्य 0.0022 होतं. ढोबळ गुणाकाराला हे पुरेसं जवळ आहे. मला तरी या प्रयोगातला सर्वात भक्कम भाग हाच वाटतो: सुट्या गेटच्या चुका मोजून अख्ख्या सर्किटचं भाकीत करता आलं. चुकांमध्ये काही छुपं संगनमत असतं, तर हा हिशेब कोलमडला असता.

इतका बारीक आकडा खरा कशावरून? नमुन्यांच्या संख्येवरून. सांख्यिकीय चूक साधारण 1/√N असते. दहा लाख नमुन्यांत ती 0.001, त्यात 0.002 जेमतेम उठून दिसतो. गुगलने दहा सर्किटांचे मिळून 3 कोटी नमुने घेतले होते. तिथे ती 0.0002 च्या आत येते. म्हणून असा दावा वाचताना F च्या शेजारी नमुन्यांची संख्या आधी शोधावी.

दुसरी चूक: मोजलेलं आणि अंदाजलेलं एकाच पंक्तीला बसवणं. 20 थरांच्या पूर्ण सर्किटसाठी `p(x)` काढणं तेव्हा आवाक्याबाहेर होतं. मग F मोजला कसा? मधली काही गेट गाळलेल्या, संगणकाला झेपणाऱ्या सर्किटवर. लहान सर्किटांत गाळलेल्याचा आणि पूर्ण सर्किटचा F जुळत होता, म्हणून मोठ्यातही जुळेल असं धरलं. गृहीतक वाजवी आहे, पण ते गृहीतकच.

10,000 वर्षंही मोजलेली नव्हती. तेव्हा माहीत असलेल्या पद्धतीने केलेला तो अंदाज. आयबीएमने लगेच म्हटलं की समिटची डिस्कही वापरली तर अडीच दिवस पुरतील. तोही कागदावरचाच हिशेब. पुढे फेंग पान आणि सहकाऱ्यांनी टेन्सर नेटवर्क ही सर्किटचं गणित तुकड्यातुकड्यांनी सोडवणारी पद्धत वापरून 512 जीपीयूंवर सुमारे 15 तासांत दहा लाखांवर नमुने प्रत्यक्ष काढून दाखवले, तेही 0.0037 या गुणवत्तेचे. त्यांनी बिनचूक नमुन्यांचा हट्ट धरला नाही. चिपच 0.002 वर असेल, तर संगणकाकडून 1 मागणं अन्यायच.

तिसरी चूक: F ला थेट ‘विश्वासार्हता’, म्हणजे चिपची अवस्था आदर्श अवस्थेशी किती जुळते त्याचं माप, समजणं. ही सर्वात फसवी. सर्किटचे दोन तुकडे करून त्यांच्यामधली गेट तोडली, तर खरी विश्वासार्हता कोसळते. क्रॉस-एन्ट्रॉपीत मात्र लहान मूल्यं असताना दोन्ही तुकड्यांचे F जवळपास बेरजेने येतात. शुन गाओ आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये नेमकी ही फट वापरली. एका जीपीयूवर, काही सेकंदांत, त्यांनी तेव्हाच्या मोठ्या प्रयोगांच्या 2 ते 12 टक्के इतका F मिळवला. चिपची बरोबरी झाली नाही, पण सर्किटची नक्कल न करताही F शून्याच्या वर नेता येतो, हे दिसलं. लेखक ‘F मोठा, म्हणून क्वांटम’ एवढ्यावर थांबला असेल, तर चुकांचं वरच्यासारखं भाकीत त्याने दिलंय का ते पाहा.

2022 मध्ये आहारोनोव्ह, वझिरानी आदींनी दाखवलं की प्रत्येक गेटमध्ये ठराविक चूक असेल, तर सर्किट मोठं होत गेल्यावर हे सॅम्पलिंग साधा संगणकही बहुपदी वेळात, म्हणजे आकाराबरोबर घातांकी न वाढणाऱ्या वेळात, करू शकतो. ती पद्धत व्यवहारात चालवण्याजोगी नाही, त्यामुळे सिकॅमोरचे नमुने काही तिने निघत नाहीत. मात्र क्युबिट वाढवत गेलं की क्वांटम चिपची आघाडी आपोआप वाढेल, हा युक्तिवाद चुका दुरुस्त न करता टिकत नाही.

डिसेंबर 2024 मध्ये गुगलच्याच विलो या 105 क्युबिटच्या चिपबाबत ‘पाच मिनिटं विरुद्ध 10^25 वर्षं’ असा आकडा आला. चिप सुधारली आहे यात शंका नाही. पण उजवीकडचा आकडा याही वेळी तेव्हा माहीत असलेल्या पद्धतींवरचा अंदाज आहे.