आजीच्या लुगड्याचा तुकडा बाळाला देताय? या चुका टाळा

माझ्या बहिणीचं घर चोपड्याजवळच्या गावात. तिचा पोरगा चौदा महिन्यांचा. दुपारी आजीच्या लुगड्याचा पदर मुठीत धरल्याशिवाय डोळा मिटत नाही. कापूस वेचायच्या दिवसांत आजी शेतात गेली की घरभर रडारड. "त्याले मन्हंच लुगडं लागस," म्हणत आजीने जुनं लुगडं झोळीत टाकून दिलं. कल्पना चांगली होती, पण चूक तिथेच झाली. तासाभराने बहीण बघते तर कापडाचा वेढा मानेला.

लांब कापड देऊच नका. पदर, ओढणी, टॉवेल, काहीच नको. वीतभर चौकोन पुरतो. मानेभोवती गाठ बसेल एवढी लांबी त्यात उरत नाही. झोळीत तर तुकडासुद्धा नको. झोळीच्या बाजू आत दुमडतात, तोंडावर आलेलं कापड पोराला बाजूला सारता येत नाही. आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात मऊ कापड, उशी, बाहुली यातलं काहीच ठेवायचं नाही.

आम्ही लुगड्याचे दोन सारखे तुकडे कापले. जरीचा काठ काढला, तो टोचतो आणि त्याचे धागे सुटतात. कडा दुहेरी दुमडून मशीनने बारीक शिवल्या. हाताने घातलेले गोधडीसारखे लांब टाके नकोत, सुटलेला दोरा बोटाला करकचून बसतो आणि बोट सुजेपर्यंत कळत नाही. मणी, टिकल्या, बटणं, झालरही नको. बाजारची बाहुली घेणार असाल तर डोळे भरतकामाचे आहेत ना ते बघा आणि शिवण दोन्ही हातांनी जोरात ओढून पाहा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात केसाळ कापडाने घाम येतो, सुती बरं.

पहिल्याच रात्री तुकडा हातात देऊन निघून गेलात तर पोरगा तो फेकून देईल. आजीने दोन्ही तुकडे चार रात्री उशाशी घेतले. मग दिवसा मांडीवर बसवून, गोष्ट सांगताना, दूध पाजताना पोराच्या हातात दिले. दहा-बारा दिवसांनी झोपताना. रडला की आधी जवळ घ्यायचं, तुकडा नंतर.

पुढची अडचण धुण्याची. बहिणीने एक तुकडा कपाटात जपून ठेवला, दुसरा महिनाभर वापरला. धुवायला काढल्यावर कपाटातला दिला, तर पोराने नाक लावलं आणि भिरकावला. वासच नव्हता ना! धुताना सुगंधी पावडर टाळा आणि दोन्ही पहिल्यापासून आलटून पालटून द्या, म्हणजे दोन्ही सारखेच मळतात आणि सारखेच विरतात. दर धुण्याला कडा बोटाने चाचपायच्या. शिवण उसवली तर त्या दिवशी तो तुकडा बाद.