वाचवणारा आधी वादी, मग प्रतिवादी: संमती आणि आवश्यकता यांची गल्लत टाळा

अपकृत्य कायद्याच्या पेपरात कुणाला तरी वाचवायला धावलेल्या माणसाचा प्रश्न आला की 'व्होलेन्टी नॉन फिट इन्जुरिआ' म्हणजे संमतीचा बचाव आणि 'आवश्यकता' हे दोन्ही बचाव एकाच परिच्छेदात कोंबले जातात. दावा कोणी, कोणावर लावला हे आधी ठरवलेलंच नसतं. एक प्रसंग घेऊ.

गोव्यात केरीसमोर, तेरेखोल नदीच्या मुखाशी, सहलीची एक बोट क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेऊन निघते. लाइफ जॅकेट एकालाही दिलेलं नाही. ओहोटीच्या ओढीत बोट उलटते. किनाऱ्यावर जाळं ओढणारा एक मच्छीमार, म्हणजे रापणकार, शेजाऱ्याची साखळीने बांधलेली होडी पाहतो, दगडाने कुलूप फोडतो आणि दोघांना बाहेर काढतो. परतताना होडी खडकावर आपटून फुटते, त्याचा खांदा निखळतो.

इथे दावे दोन आहेत. रापणकार खांद्यासाठी बोटवाल्यावर दावा लावतो, तिथे तो वादी. होडीचा मालक रापणकारावर दावा लावतो, तिथे तो प्रतिवादी. संमतीचा बचाव बोटवाल्याच्या तोंडी येईल, आवश्यकतेचा रापणकाराच्या. माणूस तोच, पण बचाव वेगळ्या हातात.

चूक पहिली: धोका माहीत होता, म्हणजे संमती होती

बोटवाला म्हणेल, "ओढ दिसत होती, तरी हा स्वतःहून गेला." जाणणं आणि पत्करणं यांतला फरक स्मिथ विरुद्ध बेकर (1891) पासून पक्का आहे. डोक्यावरून क्रेन दगड नेते हे माहीत असूनही काम करत राहिलेल्या मजुराने इजेचा धोका कायद्याने पत्करला, असं हाउस ऑफ लॉर्ड्सने मानलं नाही. वाचवणाऱ्याची बाजू तर आणखी भक्कम आहे. हेन्स विरुद्ध हारवुड (1935) मध्ये रस्त्यावर सोडून दिलेले गाडीचे घोडे उधळले, पोलीस शिपायाने ते अडवले आणि तो जखमी झाला. संमतीचा बचाव फेटाळला गेला. ज्याने निष्काळजीपणाने माणसं संकटात टाकली, त्याला कुणीतरी मदतीला धावेल हे कळायलाच हवं.

पण 'वाचवणारा नेहमी जिंकतो' हे लिहिणंही चूकच. कटलर विरुद्ध युनायटेड डेअरीज (1933) मध्ये घोडा शेतात शिरला होता, कुणाचा जीव धोक्यात नव्हता. तरी एकजण मदतीला गेला, जखमी झाला आणि हरला. आपल्या प्रसंगात सगळे प्रवासी काठावर पोहोचल्यावर रापणकार फक्त तरंगणारी टोपी आणायला गेला असता, तर निकाल फिरला असता. तेव्हा तपासा: तातडीचा धोका होता का, आणि त्या क्षणी जाणं समंजस माणसाला शोभणारं होतं का?

चूक दुसरी: हेतू चांगला, म्हणजे आवश्यकता सिद्ध

आता होडीचं बघू. मालकाची संमती नव्हती हे उघड आहे. कुलूप फोडणं हा वस्तूवरचा अतिक्रमणच. म्हणून संमतीचा मुद्दा सोडून रापणकाराला आवश्यकता दाखवावी लागते: धोका खरा होता, दुसरा सौम्य मार्ग हाताशी नव्हता आणि कृती प्रमाणात होती. कर्क विरुद्ध ग्रेगरी (1876) मध्ये मृताच्या घरातले दागिने एका बाईने सुरक्षिततेसाठी दुसऱ्या खोलीत हलवले, ते गायब झाले. हेतू प्रामाणिक होता, पण हलवण्याची वाजवी गरज सिद्ध झाली नाही आणि ती जबाबदार ठरली. म्हणून शेजारी दहा पावलांवर चावी घेऊन उभा होता का, दुसरी मोकळी होडी बाजूला होती का, ही तथ्यं उत्तरात आलीच पाहिजेत.

गरज ज्याने निर्माण केली, त्याला तिचा आसरा मिळत नाही. बोटवाल्याने बुडताना भार कमी करायला प्रवाशांच्या बॅगा पाण्यात फेकल्या असत्या, तर "नाइलाज होता" हे त्याला पुरलं नसतं. नाइलाज त्याच्याच गर्दीने आणलेला.

चूक तिसरी: भलत्या कायद्याची कलमं

भारतीय न्याय संहितेचं कलम 19 गुन्ह्याच्या आरोपापासून वाचवतं, होडीमालकाच्या भरपाईच्या दाव्याचं ते उत्तर नव्हे. मोटार वाहन कायद्यातलं 134अ हे कलम मोटार अपघातात मदत करणाऱ्यासाठी आहे, नदीत ते कामाचं नाही.

फुटलेल्या होडीचे पैसे

इथे बहुतेक उत्तरं थांबतात, आणि खरा पेच इथेच आहे. आवश्यकता पटली की इंग्लिश परंपरेत रापणकार अपकृत्याच्या जबाबदारीतून सहसा सुटतो. अमेरिकेत मिनेसोटाच्या न्यायालयाने विन्सेंट विरुद्ध लेक एरी (1910) मध्ये दुसरी वाट धरली. वादळात जहाज धक्क्याला बांधून ठेवणं योग्यच होतं, पण धक्क्याच्या नुकसानीचे 500 डॉलर जहाजमालकाने द्यावेत, असा निकाल झाला. तिथे जहाजमालकाने स्वतःची मालमत्ता वाचवली होती. रापणकाराने परक्याचे जीव वाचवले, म्हणून मला हा निकाल त्याच्यावर तसाच लादणं पटत नाही.

होडीमालकाला तिसरा दावाही सुचवता येतो: थेट बोटवाल्यावर. बोट उलटली तर काठावरची मिळेल ती होडी घेऊन कुणीतरी धावेल, हे त्याला आधीच दिसण्याजोगं होतं. मग कुलूप, होडी आणि खांदा, तिन्हींचं बिल त्याच्याच नावावर मागता येतं.