अख्खे खेकडे उकडताय? आधी वजनकाटा काढा

अख्खा खेकडा उकडायला घेताना पहिलं काम म्हणजे वजन, आणि ते सगळ्यांचं मिळून नाही, एकेकाचं. टाईम लागतो तो एका खेकड्याच्या जाडीवर, त्यामुळे भांड्यात एक टाका नाहीतर चार, पाणी पुरेसं असेल तर मिनिटं तीच. काट्यावर ठेवताना तो जिवंत आहे ना तेही बघून घ्या, पाय हलत नसतील आणि सगळा ढिला पडला असेल तर सरळ टाकून द्या, कारण मेलेला खेकडा फार लवकर खराब होतो आणि उकडल्याने तो परत चांगला होत नाही. डेंगे दोऱ्याने बांधलेले असतील तर राहू द्या, चिखल तेवढा ब्रशने घासून काढा.

मग अर्धा तास फ्रीझरमध्ये, गोठवायला नाही हां, फक्त सुन्न पडेपर्यंत. त्याला त्रास कमी होतो हे तर आहेच, पण हा भाग लोक सोडतात आणि मग डेंगे का गळले म्हणून विचारत बसतात. जागा खेकडा उकळत्या पाण्यात पडला की स्वतःच पाय सोडून देतो, त्या भोकातून पाणी आत शिरतं आणि मांस पचपचीत होतं.

तोवर पाणी चढवा. सगळ्यात मोठा खेकडा बुडून वर चार बोटं पाणी राहील एवढं भांडं लागतं. मीठ लिटरला 30 ग्रॅम, म्हणजे साधारण समुद्राच्या पाण्याइतकं. ऐकायला जास्त वाटतं पण कवचातून फार थोडं आत जातं, आणि अळणी पाण्यात उकडला तर मांसातला स्वतःचा खारटपणाच बाहेर निघून जातो. चिमटीने टाकू नका, मोजून टाका.

आता टाईम. पाणी खळखळ उकळत असताना खेकडा सोडला की उकळी बसते, ती परत आल्यावर घड्याळ लावायचं, आधी नाही. पाव किलोच्याला 8 मिनिटं, अर्ध्या किलोच्याला 12, पाऊण किलोच्याला 15, किलोच्याला 18. वजन डबल म्हणून टाईम डबल होत नाही बघा. झाकण थोडं तिरकं ठेवा नाहीतर फेस उतू जाऊन गॅस विझतो.

मागच्या वेळी माझ्याकडे तीन होते, एक 650 ग्रॅमचा आणि दोन चारशेच्या आसपासचे, भांड्यात 6 लिटर पाणी, म्हणजे 180 ग्रॅम मीठ. मोठ्याला 14 मिनिटं हवी, छोट्यांना 10, म्हणून मोठा आधी टाकला आणि उकळी परत आल्यावर 4 मिनिटांनी छोटे, त्यांनी उकळी पुन्हा बसली त्यामुळे मोठ्याला एक-दीड मिनिट जास्त मिळालं, तेवढं चालतं.

हे सगळं मोजायला लागलो कारण पहिल्यांदा मी रंगावर भुललो होतो. जिवंतपणी पाठ काळपट हिरवी असते, त्या कवचात केशरी-लाल रंग आधीपासूनच असतो, फक्त एका प्रोटीनने त्याला धरून ठेवलेलं असतं, गरम झालं की ते प्रोटीन मोडतं आणि लाल दिसायला लागतं. पण कवच बाहेरच आहे ना, ते तीन-चार मिनिटांतच लालेलाल होतं आणि आत अजून कच्चंच. मी तेव्हाच बाहेर काढला, पाय ओढला तर सांध्यातलं मांस काचेसारखं अर्धपारदर्शक, कवचाला चिकटलेलं.

म्हणजे रंग बघायचा, पण नीट बघायचा. टाईम संपल्यावर पाठ आणि डेंग्यांची वरची बाजू एकसारखी केशरी-लाल हवी, सांध्यापाशी हिरवट पट्टा राहिला असेल तर अजून दोन मिनिटं. पोटाची बाजू पांढरट-पिवळसरच राहते, ती लाल व्हायची वाट बघू नका. शंका असेल तर मोठ्यातला मोठा खेकडा घेऊन अंगाला लागून असलेला मागचा पाय पिळून काढा: मांस दुधासारखं पांढरं, कवचातून सुटून आलं तर झालं. पाठीखालचं पिवळं-हिरवट घट्ट धरलेलं असतं, पातळ वाहत असेल तर परत भांड्यात. गोड्या पाण्यातला खेकडा असेल तर इथे अजिबात घाई नको, त्यात फुफ्फुसाचे जंत असू शकतात आणि ते पूर्ण शिजल्यावरच मरतात.

काढल्यावर बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटं, जास्त नाही, मग पोट वर करून ठेवा म्हणजे आतला रस पाठीच्या वाटीत राहतो.