प्रशिक्षणावरून आल्यावर मुख्याध्यापिकांना पत्र लिहिताय? मिनिटं कुठून आणणार ते आधी लिहा

मागच्या वर्षी मी तीन दिवसांचं वाचनाचं प्रशिक्षण करून आले, अगदी भारावून आले, आणि दुसऱ्याच दिवशी मॅडमना चार पानी पत्र दिलं. चौऱ्याऐंशी स्लाइडची पीपीटी होती, जवळजवळ सगळीच उतरवून काढली. शेवटी एक ओळ, तिसरी ते पाचवीसाठी रोज अर्धा तास स्तरानुसार वाचनगट घ्यावेत. मॅडमनी पूर्ण वाचलं, आणि समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं, "वेळ कोणत्या तासातून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शोधेपर्यंत चाचण्या आल्या, मग दिवाळीची सुट्टी, पहिलं सत्र गेलं आणि ज्या मुलांसाठी लिहिलं होतं ती पाचवीतली मुलं अजून अक्षरांवरच अडलेली होती. म्हणून या वर्षी लिहिणाऱ्यांसाठी ही तयारी सांगते.

प्रति, विषय, दिनांक, महोदया, हे सगळ्यांना येतं. संदर्भात मात्र ज्या पत्राने तुम्हाला प्रशिक्षणाला पाठवलं त्याचा जावक क्रमांक टाका, नंतर फाइलमध्ये शोधताना तोच लागतो.

पीपीटीचं आधी काय करायचं, तर ती बंद करायची. खरंच. समोर उघडी ठेवली की आपण स्लाइडच्या क्रमाने लिहायला लागतो, आणि तो क्रम प्रशिक्षकाच्या सोयीचा असतो, शाळेच्या नाही. कागदावर आठवून लिहा की आपल्या शाळेत काहीतरी बदलेल अशा गोष्टी कुठल्या, माझ्या तीनच निघाल्या. एक, मूल कुठल्या इयत्तेत बसतं आणि काय वाचू शकतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून रोज थोडा वेळ इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या स्तरानुसार गट करायचे. दोन, स्तर अंदाजाने ठरवायचा नाही, एकेका मुलाला समोर बसवून तपासायचं. तीन, गट कायमचे नाहीत, काही आठवड्यांनी परत तपासून मुलं पुढच्या गटात जातात. मग पीपीटी उघडा आणि या तीन गोष्टी कुठल्या स्लाइडवर आहेत तो नंबर टाका. प्रशिक्षक जे तोंडी बोलले आणि स्लाइडवर नव्हतं ते "प्रशिक्षणात तोंडी सांगितले" असं वेगळं लिहा, नाहीतर मॅडम स्लाइडवर शोधतात आणि सापडत नाही. सारांश अर्ध्या पानाच्या वर जाऊ देऊ नका.

स्लाइडवरचे आकडे जपून वापरा. आमच्या पीपीटीत निपुण भारतचं उद्दिष्ट होतं, तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थ समजून वाचावेत. ते उद्दिष्ट आहे, आपल्या वर्गाची स्थिती नाही, आणि मी मागच्या वेळी दोन्ही एकाच परिच्छेदात मिसळून टाकलं. शिवाय लोक 60 पकडून बसतात आणि "अर्थ समजून" सोडून देतात, मग मूल घड्याळाकडे बघत धावत वाचतं आणि गोष्टीत काय झालं विचारलं की गप्प. देशभराच्या सर्वेक्षणाचे तक्तेही पत्रात नकोत. मॅडमना देशाचं वेळापत्रक लावायचं नाहीये, आपल्या शाळेचं लावायचंय.

म्हणजे आपले आकडे हवेत, आणि ते पत्राच्या आधी हवेत. पद्धत असर सर्वेक्षणातली, सोपी आहे. मुलाला आधी सोपा परिच्छेद द्यायचा. नीट वाचला तर गोष्ट द्यायची. परिच्छेद अडखळत, तोडून तोडून वाचला तर शब्द द्यायचे, पाचपैकी किमान चार बरोबर आले तर तो शब्द स्तर, नाहीतर अक्षरं, तिथेही पाचपैकी चार. अक्षरांपासून सुरुवात करू नका, येणारी मुलं कंटाळतात आणि न येणारी पहिल्याच मिनिटाला घाबरतात. आणि हे वर्गासमोर घेऊ नका, व्हरांड्यात एकेकाला घ्या, कारण वर्गात पहिल्या तिघांचं ऐकून चौथ्याला परिच्छेद पाठ झालेला असतो. पाठ झालंय का ते कळायला मधल्याच ओळीवर बोट ठेवून वाचायला सांगा.

आमच्याकडे तिसरीत 31, चौथीत 34, पाचवीत 29, एकूण 94 मुलं. मुलामागे साधारण चार मिनिटं धरली तर सव्वासहा तास, तीन वर्गशिक्षकांत वाटले की प्रत्येकी दोन तास, तेही तीन दिवसांत. निघालं असं: अक्षर किंवा त्याखाली 21, शब्द 27, परिच्छेद 24, गोष्ट 22. पत्रात एवढेच चार आकडे आणि त्यातले पाचवीतले किती. मुलांची नावं पत्रात अजिबात नकोत, ती यादी वर्गशिक्षकाकडे राहू दे, पत्र दहा हातांतून जातं.

आता मिनिटं. "रोज 35 मिनिटे द्यावीत" हा प्रस्ताव नाही, ही इच्छा आहे. कुठल्या वर्गाचा कुठला तास हलेल, त्या जागी काय जाईल आणि तो तास कोण घेईल, हे तीनही लिहिल्याशिवाय पत्र देऊ नका. मुद्दा असा की तिन्ही इयत्तांची मुलं मिसळायची तर तिन्ही वर्गांचा तो तास एकाच वेळी यायला हवा, आणि आपल्याला सहसा फक्त आपल्याच वर्गाचं वेळापत्रक पाठ असतं. ऑफिसमधलं मोठं वेळापत्रक, सगळ्या वर्गांचं, समोर घेऊन बसा.

आमचं सांगते म्हणजे लक्षात येईल. परिपाठ अकराला संपतो, तास 35 मिनिटांचे, दोन तासांनंतर 12:10 ला दहा मिनिटांची लहान सुट्टी, मग 12:20 ते 12:55 तिसरा तास. वाचनगटाला मी हाच तिसरा तास धरला, कारण मुलं सुट्टीवरून परत येताना थेट गटाच्या खोलीत जातात. दुसरा कुठलाही तास घेतला तर वर्गातून उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसेपर्यंत पाचेक मिनिटं जातात, म्हणजे 35 ची 30 होतात, आणि मोठ्या सुट्टीनंतरचा तास घेतला तर जेवून हात धुऊन येणारी मुलं उशिरापर्यंत येतच राहतात.

वाचनगट हा मराठीच्याच एका तासाच्या जागी, नवीन तास नाही. मग बघितलं, तिसरीचा मराठीचा तास दुसरा आहे आणि तिसऱ्या तासाला परिसर अभ्यास, दोन्ही वर्गशिक्षकाचेच, अदलाबदल झाली. चौथीला मराठी चौथ्या तासाला आणि तिसऱ्याला गणित, तेही वर्गशिक्षकाचेच, अदलाबदल झाली. पाचवीला अडलं. मराठी पहिल्या तासाला, तिसऱ्याला इंग्रजी, आणि इंग्रजीचे सर पहिल्या तासाला सहावीवर असतात, म्हणजे सरळ अदलाबदल होतच नाही. मागच्या वर्षी मी हे बघितलंच नव्हतं आणि मॅडमना ते वाचताक्षणी दिसलं असणार. या वर्षी सरांना विचारलं, ते पाचव्या तासाला मोकळे होते, म्हणून इंग्रजी पाचव्या तासाला नेलं, पाचव्याचा कार्यानुभव पहिल्या तासाला आणला, तो वर्गशिक्षकाकडेच आहे. संपलं. हे शोधायला मला एक संध्याकाळ लागली आणि मागच्या वर्षी ती एक संध्याकाळ न दिल्याने अख्खं सत्र गेलं.

पत्रात ते असं उतरलं: "सोमवार ते शुक्रवार तिसरा तास (12:20 ते 12:55) इयत्ता 3 री ते 5 वीसाठी वाचनगट. यासाठी 3 रीचा दुसरा व तिसरा तास आणि 4 थीचा तिसरा व चौथा तास परस्परांत बदलावा. 5 वीचे इंग्रजी तिसऱ्या तासावरून पाचव्या तासाला व कार्यानुभव पाचव्यावरून पहिल्या तासाला घ्यावे. कोणत्याही विषयाचे साप्ताहिक तास कमी होत नाहीत. मराठीच्या तासांपैकी रोजचा एक तास वाचनगटासाठी वापरला जाईल. संबंधित शिक्षकांशी चर्चा झाली आहे." शेवटची तीन वाक्यं सोडू नका. शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 800 अध्यापन तास सांगितलेत, त्यामुळे तास कमी होतायत का ही शंका मुख्याध्यापकांना येणारच, ती त्यांनी विचारायच्या आत संपवा. आणि शाळेची वेळ वाढवा असं सुचवू नका, ते त्यांच्या एकटीच्या हातात नसतं, वेळापत्रक असतं. शनिवारी सकाळची शाळा, तास छोटे, तो सोडून द्या.

माणसांचाही हिशोब मिनिटांसारखाच. स्तर चार, शिक्षक तीन. म्हणून परिच्छेद आणि गोष्ट एकत्र केले, 46 मुलं, मोठ्या खोलीत, ती बरंचसं स्वतः वाचतात म्हणून चालतं. शब्दांचे 27 एका शिक्षकाकडे. अक्षरांच्या 21 मुलांकडे सगळ्यात अनुभवी बाई. तिथे नवीन माणूस देऊ नका, लहान गट म्हणून सोपा वाटतो, सगळ्यात अवघड तोच आहे. आणि एखादी बाई रजेवर असली तर त्या दिवशी कोणते गट एकत्र बसतील तेही एका ओळीत लिहा.

बाकी पटापट. मागणी सहा आठवड्यांची करा, वर्षभराची नको. सहा आठवड्यांनी हीच तपासणी परत, वेगळा परिच्छेद घेऊन, आणि चार आकडे परत मॅडमकडे. खर्च असेल तर रक्कम लिहा, आमचा फक्त झेरॉक्सचा आणि तक्त्यांच्या कागदाचा होता. सोबत दोनच कागद, आकड्यांचा तक्ता आणि बदललेलं वेळापत्रक, जुनं आणि नवं शेजारीशेजारी. पीपीटी जोडू नका, मागितली तर द्या. ज्यांचे तास हलतायत त्यांना पत्र आधी दाखवा, स्टाफरूममध्ये दुसऱ्याकडून कळलं तर चांगला माणूसही नाही म्हणतो.

दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. आणि पाकिटात घालायच्या आधी तिन्ही वर्गांच्या ओळींवर बोट ठेवून बघा, कुठला तास गेला, तिथे काय आलं, कोण घेणार. एक जागा जरी रिकामी दिसली तर पत्र उद्या द्या.