चौघांची खिचडी एकट्यासाठी करताना

गंगापूर रोडच्या होस्टेलवर पहिल्यांदाच एकटे राहायला आला असाल, तर वाटी-चमच्याच्या मापात लिहिलेलं पाककृतीचं पुस्तक घ्या. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ तसंच आहे. वजनकाटा लागत नाही, फक्त वाटी रोज तीच ठेवायची.

पण पुस्तकातलं माप बहुतेक वेळा घरच्या चार माणसांचं असतं. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ असेल, तर एकट्याला अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटी डाळ पुरते. तांदूळ-डाळ, मीठ, तिखट चौथाई करा. पाणी मात्र नाही. वाफेत उडणारं पाणी शिजायच्या वेळेवर ठरतं, आणि वेळ काही चौथाई होत नाही. मी तसं केलं तेव्हा तळ करपला आणि वरचा दाणा कच्चाच राहिला. छोट्या कुकरमध्ये या मापाला अडीच वाट्या पाणी घाला, उघड्या पातेल्यात साडेतीन, तेही गरम.

फोडणीचं तेलही एक चमच्याखाली नेऊ नका, मोहरी तडतडायच्या आधीच जळते. आणि इंडक्शन असेल तर घरचा ॲल्युमिनियमचा कुकर आणण्याआधी तळाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही, तर तो तापणारच नाही.