लांब-आखूड टाक्याने पाकळी भरण्याआधीची तयारी

समजा, गुलाबाची एकच पाकळी भरायची आहे. उंची साधारण साडेतीन सेंटिमीटर, कडेला फिकट गुलाबी आणि देठाकडे गडद होत जाणारी. ती रंगवल्यासारखी दिसणार की पट्टेरी, हे बरंचसं पहिला टाका पडायच्या आधीच ठरतं. म्हणून ही यादी सुई ओवण्याआधीची आहे.

कापड घट्ट विणीचं घ्या, सुती किंवा लिनन. सैल विणीत एका पदराचा टाका हवा तिथे बसत नाही, विणीतल्या फटीत घसरतो. कापड धुऊन इस्त्री करा, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल. खाली धुतलेल्या पातळ मांजरपाटाचा एक थर लावा आणि दोन्ही कापडांचे उभे धागे एकाच दिशेला ठेवा. या भरतात टाके दाट पडतात, एकेरी कापड ओढलं जातं आणि पाकळीभोवती चुण्या येतात. रिंगच्या आतल्या कड्याला सुती फीत गुंडाळली की कापड घसरत नाही.

चित्र उतरवताना नुसती बाह्यरेषा पुरत नाही. टाक्यांच्या दिशा दाखवणाऱ्या रेषाही काढायच्या, आणि माझ्या मते तयारीतलं सगळ्यात मोलाचं काम हेच. कडेच्या मध्यापासून देठाच्या बिंदूपर्यंत आधी एक रेषा काढा. मग तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन रेषा काढा, सगळ्या त्याच बिंदूकडे झुकणाऱ्या. पाकळी वळलेली असेल तर रेषाही वळतील. या रेषा नसल्या की टाके हळूहळू उभे होत जातात आणि बाजूच्या टोकाला पोचल्यावर अचानक तिरपे करावे लागतात. तिथे पाकळी मोडल्यासारखी दिसते. रेषांवरून आणखी एक गोष्ट आधीच कळते: देठाकडे जागा निमुळती होते, तेव्हा खालच्या प्रत्येक ओळीत काही टाके गाळावे लागणार. तितकेच टाके कोंबले तर तिथे गाठोडं तयार होतं.

आता रंग. या पाकळीला चार छटा पुरतात. त्या निवडताना दोऱ्यावरच्या क्रमांकांवर विसंबू नका, लागोपाठचे क्रमांक म्हणजे सारख्या अंतराच्या छटा असं नसतं. चारही लडी दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवा, दोरे एकाच दिशेला, कारण दिशा बदलली की चमक बदलते आणि तोच रंग वेगळा भासतो. मग फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. करड्या रंगाच्या चार पायऱ्या साधारण सारख्या अंतराने उतरल्या पाहिजेत. दोन पायऱ्या एकच दिसल्या तर त्यातली एक छटा वाया जाणार. एखादी उडी मोठी असेल तर कितीही नीट भरा, तिथे पट्टा दिसणारच, तेव्हा मधली छटा आधीच मिळवून ठेवा.

सुई बारीक घ्या, भरतकामाची ९ किंवा १० नंबरची. सहापदरी दोऱ्यातला एकच पदर वापरायचा. दोरा हातभराहून लांब नको, कापडातून सारखा जाऊन त्याला लव सुटते.

भरण सुरू करण्याआधी बाह्यरेषेवर स्प्लिट टाका घाला, म्हणजे प्रत्येक नवा टाका आधीच्या टाक्याचा पदर दुभंगून वर येईल. रंग सर्वांत फिकट छटेचा. पहिल्या ओळीचे टाके या काठाला झाकून त्याच्या बाहेर उतरतात, त्यामुळे कड उठून आणि सरळ दिसते.

मग त्याच कापडाच्या कोपऱ्यात दोन छटांचा बोटभर नमुना भरून पाहा. पहिल्या ओळीत लांब टाका सुमारे एक सेंटिमीटर, आखूड त्याच्या पाऊण, पण आखूड टाके एकमेकांच्या मापाचे नकोत. दुसरी छटा पहिल्या ओळीच्या टाक्यांना खालून दुभंगून वर आणा, कुठे जास्त आत, कुठे कमी. नमुना हातभर अंतरावर धरा. दोन रंगांमध्ये दातेरी रेघ दिसली तर लांबी फार नियमित झाली आहे. बारीक भोकांची रांग दिसली तर सुई सगळीकडे एकाच उंचीवर वर आली आहे. कापड मधून डोकावलं तर दुसरी ओळ पहिलीत पुरेशी आत शिरलेली नाही. हे दोष नमुन्यात उसवता येतात. पाकळीत उसवायचं तर दुभंगलेले पदर तुटतात आणि शेजारचे टाकेही जातात.

पूर्ण फूल असेल तर पाकळ्यांवर क्रमांक घाला. जी सर्वांत मागे आहे तिला १, कारण पुढच्या पाकळीची कड तिच्यावर चढणार आहे. प्रत्येक पाकळीत पहिला टाका मधल्या रेषेवर घालायचा आणि तिथून एकेका बाजूला सरकायचं.