रीसेल फ्लॅट घेतलाय? मग शेअर सर्टिफिकेट नावावर करायचं काम असं करा

डोंबिवलीत आमच्या सोसायटीचा मी नऊ वर्षं सेक्रेटरी होतो, आणि त्या काळात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "अहो रजिस्ट्रेशन झालंय की, आता सोसायटीचं काय राहिलं?" तर बरंच राहिलेलं असतं. रजिस्टर झालेल्या अॅग्रीमेंटने फ्लॅटवर तुमचा हक्क आला हे खरं, पण सोसायटी ओळखते ते तिच्या रजिस्टरमधलं नाव. तिथे जुन्या मालकाचं नाव आहे तोवर मेंटेनन्सचं बिल त्याच्या नावाने येतं, सभेची नोटीस त्याला जाते, मत त्याचं, आणि उद्या बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तर बिल्डर पण सोसायटीच्याच यादीतली नावं धरून चालतो. म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

टोकन द्यायच्या आधी सर्टिफिकेट उलटं करून बघा

शेअर सर्टिफिकेट म्हणजे सोसायटीने दिलेला एक जाडसर कागद, पुढच्या बाजूला मेंबरचं नाव, शेअर्सचे नंबर (उदाहरणार्थ 116 ते 120), एका शेअरची किंमत 50 रुपये, सोसायटीचा शिक्का आणि तीन सह्या, चेअरमन, सेक्रेटरी आणि कमिटीतला एक मेंबर. पण खरी गोष्ट मागच्या बाजूला असते. तिथे रकाने छापलेले असतात, कमिटीने ट्रान्सफर मंजूर केल्याची तारीख, शेअर ट्रान्सफर रजिस्टरमधला नंबर, नवीन मेंबरचं नाव, आणि परत सह्या. फ्लॅट तीनदा विकला गेला असेल तर मागे तीन नोंदी पाहिजेत. शेवटच्या ओळीत जे नाव आहे तेच नाव तुम्हाला विकणाऱ्याचं आहे का, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात, आणि नव्वद टक्के लोक बघत नाहीत, एजंटने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला पुढच्या बाजूचा फोटो बघून खूश होतात.

आमच्याकडे 304 नंबरच्या फ्लॅटचं हेच झालं. विकणारे काका सत्तरीच्या पुढचे, घेणारं जोडपं तरुण, एक लाख टोकन देऊन मोकळे झाले आणि मग सर्टिफिकेट हातात आलं तर त्यावर नावं दोन, पहिलं काकूंचं आणि दुसरं काकांचं. काकू चार वर्षांपूर्वी गेलेल्या. अॅग्रीमेंट पण दोघांच्या नावावर, निम्मं निम्मं. काकांचं म्हणणं, "मी नॉमिनी आहे, माझंच झालं ना आता." नाही होत. नॉमिनी म्हणजे सोसायटीने कोणाशी बोलायचं तो माणूस, वारसांच्या वतीने सांभाळणारा. मृत्युपत्र नव्हतं, म्हणजे काकूंच्या अर्ध्या हिश्शात नवरा, मुलगा आणि मुलगी तिघं सारखे वाटेकरी, म्हणजे बंगळुरूचा मुलगा आणि नाशिकची मुलगी दोघंही फ्लॅटचे सहाव्या सहाव्या हिश्शाचे मालक, त्यांना स्वतःला याचा पत्ता नाही.

यावर उपाय आहे पण वेळ लागतो. दोन्ही मुलांनी वडिलांच्या नावे हक्कसोडपत्र केलं, ते रजिस्टर केलं (मुलाला त्यासाठी सुट्टी काढून यावं लागलं), मग मृत्यूचा दाखला, हक्कसोडपत्राची कॉपी आणि अर्ज सोसायटीला दिला, कमिटीने काकूंचा हिस्सा काकांच्या नावावर केला आणि सर्टिफिकेटच्या मागे तशी नोंद झाली. वारसाच्या नावावर करताना सोसायटीला प्रीमियम, म्हणजे ट्रान्सफर फीच्या वर घेतली जाणारी रक्कम, घेता येत नाही, तो घेतला पण नाही. यात अडीच महिने गेले. तेवढ्यात घेणाऱ्यांच्या बँकेच्या लोन मंजुरीची मुदत संपायला आली होती आणि दोन्हीकडे चिडचिड. मागची बाजू आधी बघितली असती तर टोकनच उशिरा दिलं असतं इतकंच.

आणखी एक बघा, सोसायटीच्या रजिस्टरमध्ये त्या फ्लॅटवर बँकेचा बोजा लिहिलेला आहे का. विकणाऱ्याचं लोन कधीच फिटलेलं असतं पण बँकेचं पत्र सोसायटीला कोणी दिलेलंच नसतं, मग नोंद तशीच राहते आणि ऐनवेळी तुमच्या बँकेचा वकील त्यावर अडतो.

विकणाऱ्याने काय द्यायचं

ट्रान्सफरच्या आधी 15 दिवसांची लेखी नोटीस विकणाऱ्याने सोसायटीला द्यायची असते, सोबत घेणाऱ्याचं संमतीपत्र. हे आदर्श उपविधींच्या, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांच्या, 38 नंबरच्या उपविधीत आहे, नमुने मागे परिशिष्टात छापलेले असतात, ते बघून हाताने लिहिलं तरी चालतं. विकणाऱ्याकडे मेंटेनन्सची थकबाकी असेल तर ती आधी भरावी लागते, आमच्या काकांची 18,400 निघाली होती, ती त्यांनी भरली आणि नो ड्यूजचं पत्र घेतलं.

आता एनओसीचं. लोकांना वाटतं सोसायटीने एनओसी दिल्याशिवाय फ्लॅट विकताच येत नाही आणि काही कमिट्या हा गैरसमज जपून ठेवतात. त्याच उपविधीत लिहिलंय की ट्रान्सफरसाठी एनओसीची गरज नाही. फक्त दोघांपैकी कोणाला पाहिजे असेल, म्हणजे बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या बँकेला, तर मेंबरने अर्ज करायचा आणि कमिटीने एक महिन्यात विचार करून ती द्यायची.

घेणाऱ्याने काय द्यायचं

अॅग्रीमेंट रजिस्टर झालं, स्टॅम्प ड्युटी भरली, की मग मेंबरशिपचा अर्ज. सोबत रजिस्टर अॅग्रीमेंटची कॉपी, इंडेक्स टू, ओरिजिनल शेअर सर्टिफिकेट, फ्लॅट राहण्यासाठीच वापरेन अशी हमी, आणि पैसे. विकणाऱ्याचा शेअर ट्रान्सफरचा अर्ज त्याच्या सहीने ह्याच गठ्ठ्यात पाहिजे. माझं ऐका, ह्या सगळ्या फॉर्मवर विकणाऱ्याच्या सह्या रजिस्ट्रेशनच्या दिवशीच घ्या, तिथेच बाकावर बसून. शेवटचा चेक मिळाला की विकणारा फोन उचलत नाही, वाईट माणूस असतो असं नाही, पण त्याचा विषय संपलेला असतो.

पैसे किती? ट्रान्सफर फी 500 रुपये, प्रवेश फी 100 रुपये, आणि प्रीमियम. प्रीमियम किती घ्यायचा ते सोसायटीची जनरल बॉडी ठरवते, पण 9 ऑगस्ट 2001 च्या सरकारी परिपत्रकाप्रमाणे महापालिका हद्दीत तो 25,000 च्या वर जाऊ शकत नाही, ग्रामपंचायत हद्दीत 5,000 आणि नगरपालिकांचे दर ह्या दोघांच्या मधले. म्हणजे डोंबिवलीत जास्तीत जास्त 25,600, संपलं. प्रीमियम विकणाऱ्याने द्यायचा की घेणाऱ्याने हे आपसात ठरवा आणि अॅग्रीमेंटमध्ये एक ओळ टाका, नाहीतर त्यावरून भांडण ठरलेलं. शेअर्सचे 250 किंवा 500 रुपये सोसायटीला परत भरायचे नसतात, ते शेअर तुम्ही विकणाऱ्याकडूनच घेतलेले असतात.

यावर कोणी "बिल्डिंग फंड", "लिफ्टसाठी डोनेशन", "स्वेच्छेने लाखभर" असं म्हणालं तर ते परिपत्रकात बसत नाही, ट्रान्सफरच्या नावाखाली देणगी घेता येत नाही. पावती कशाच्या नावाने देणार ते विचारा. पावतीवर काय लिहायचं हेच ठरत नसेल तर समजून जा. मी स्वतः कमिटीत असताना ह्यावरून दोन जणांशी वाद घातलाय, कारण पेंटिंगसाठी पैसे कमी पडत होते आणि नवीन येणारा माणूस सगळ्यांना सोपा गिऱ्हाईक वाटतो.

नावांचा क्रम पण आत्ताच नीट ठरवा. दोघांच्या नावावर घेताय तर ज्याचं नाव पहिलं त्याला मत, दुसऱ्याला पहिला हजर नसेल तेव्हाच. अॅग्रीमेंटमध्ये जो क्रम असेल तोच अर्जात लिहा, नाहीतर सोसायटी परत पाठवते. 304 घेणाऱ्या जोडप्यातल्या मुलीने अर्जात लग्नानंतरचं नाव लिहिलं आणि अॅग्रीमेंटमध्ये माहेरचं, तेव्हा मीच परत पाठवला होता.

अर्ज दिल्यावर

अर्ज दोन प्रतीत द्या आणि एकावर शिक्का, तारीख, सही घ्या. सेक्रेटरी घेतच नसेल तर वाद न घालता पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. ती तारीख महत्त्वाची, कारण उपविधींप्रमाणे सोसायटीने तीन महिन्यांत निर्णय कळवायचा असतो आणि नाकारलं तर कारण लेखी द्यायचं असतं. जात, धर्म, तुम्ही काय खाता, भाड्याने देणार का, ह्यातलं काहीही कारण होऊ शकत नाही. नकार आला किंवा तीन महिने काहीच आलं नाही तर तुमच्या भागाच्या सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जायचं. तिथे हीच पोच, पैशाची पावती आणि अर्जाची कॉपी लागते, तोंडी "मी चारदा भेटलो" ह्याला किंमत नाही.

कमिटीने मंजूर केलं की तीन ठिकाणी नोंद व्हायला हवी, शेअर ट्रान्सफर रजिस्टर, आय रजिस्टर म्हणजे मेंबरांची नोंदवही, आणि जे रजिस्टर म्हणजे मेंबरांची यादी. आणि मग सर्टिफिकेटच्या मागे. नवीन सर्टिफिकेट छापून मागू नका, गरज नसते, मागची नोंदच पुरते. फक्त ती हातात घेताना तिथेच उभं राहून वाचा, नावाचं स्पेलिंग, मीटिंगची तारीख, रजिस्टरचा नंबर, तीनही सह्या आणि शिक्का. 304 च्या वेळी मी घाईत तारीख अर्जाची लिहिली, मीटिंगची नाही, ते जोडपं घरी जाऊन रात्री फोन करतंय, मग दुसऱ्या दिवशी ती ओळ आडवी मारून खाली नवीन लिहिली आणि खोडलेल्यावर तिघांच्या परत सह्या घेतल्या. लोन असेल तर बँक हे ओरिजिनल ठेवून घेते, त्याआधी दोन्ही बाजूंची कलर कॉपी काढून ठेवा, आणि नॉमिनेशनचा फॉर्म पण त्याच आठवड्यात भरून टाका, आधीच्या मेंबरचं नॉमिनेशन तुम्हाला लागू होत नाही.